अक्कलकोटची एसटी, तीन फुटांची फळी आणि चार प्रकारची पुस्तकं

आमच्या शाळेत जूनमध्ये रुजू झालेल्या मॅडम जुळे सोलापुरात राहतात. दोन खोल्यांचं घर, त्यात पुस्तकांसाठी टीव्हीच्या वर तीन फुटांची एक फळी. मी गेली अकरा वर्षं सोलापूर-अक्कलकोट करतोय, म्हणून त्यांनी एसटीत विचारलं, "सर, एक कादंबरी घ्यायचीय. हार्डकव्हर घेऊ का पेपरबॅक? का सरळ मोबाइलवर?" माझं उत्तर कुंभारी आलं तरी संपलं नव्हतं. ते इथे नीट लिहितो.

आधी कागदाच्या दोन पुस्तकांबद्दल. हार्डकव्हर म्हणजे टिकाऊ आणि पेपरबॅक म्हणजे तात्पुरतं, असं आपण धरून चालतो. पण जाड पुठ्ठा आणि पक्की बांधणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक किती टिकणार हे पानं शिवलीत की नुसती चिकटवलीत यावर ठरतं, आणि बाहेरचं कव्हर बघून ते कळत नाही.

छापखान्यात मोठा कागद छापून घड्या घालतात, त्याचा सोळा पानांचा फर्मा होतो. फर्म्याच्या घडीतून दोरा घालून सगळे फर्मे एकमेकांत शिवले, तर ती शिलाईची बांधणी. दुसऱ्या पद्धतीत पाठीकडच्या घड्या मशिनवर कापून टाकतात, कडा खरखरीत करतात आणि गरम डिंक लावून वर कव्हर बसवतात. हे परफेक्ट बाइंडिंग. नावात परफेक्ट असलं तरी इथे प्रत्येक पान सुटं असतं आणि केवळ डिंकाच्या भरवशावर उभं असतं. आता खरी गंमत अशी की चिकटवलेल्या पानांच्या गठ्ठ्याला पुठ्ठ्याचं कव्हर चढवता येतं, आणि शिवलेल्या गठ्ठ्याला साधं कार्डाचंही. म्हणजे कमकुवत हार्डकव्हर आणि दणकट पेपरबॅक, दोन्ही दुकानात मिळतात.

ओळखायचं कसं, हे मला पेठेतल्या बाइंडर मामांनी शिकवलं. पुस्तक उभं धरायचं आणि वरून पाठीजवळची कड बघायची. शिवलेलं असेल तर पानांचे छोटे छोटे जुडगे दिसतात, प्रत्येकाची घडी गोलसर वळलेली. चिकटवलेलं असेल तर पानं पत्त्यांच्या कॅटासारखी सरळ येऊन डिंकात बुडालेली दिसतात. तरी शंका राहिली तर पानं उलटत जायचं, कुठल्यातरी फर्म्याच्या मधोमध उभा दोरा दिसलाच पाहिजे. हार्डकव्हरच्या पाठीला वरखाली लाल-पांढरी किंवा पिवळी कापडी पट्टी असते, ती बघून लोक फसतात. ती शोभेची असते, वरून चिकटवलेली. तिचा शिलाईशी काही संबंध नाही.

माझी अक्कल गेली ती एका मे महिन्यात. अर्धवट वाचलेलं पेपरबॅक स्कूटरच्या डिकीत ठेवून गाडी स्टँडबाहेर उन्हात लावली आणि शाळेत गेलो. संध्याकाळी पुस्तक काढलं तर पाठ वाकडी झालेली, आणि उघडल्याबरोबर मधली वीसेक पानं हातात आली. उष्णतेनं हा डिंक नरम पडतो आणि त्याच वेळी पुस्तक दाबलेलं असलं तर पानं सरकतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद डिकी म्हणजे तवाच. मामांकडे नेलं तर ते म्हणाले, "आता बाजूनं टाके मारावे लागतील. पण मग पुस्तक सपाट उघडणार नाही, आतल्या ओळी दाबून वाचाव्या लागतील." तसंच झालं. घड्याच कापून टाकलेल्या असतात, त्यामुळे दोरा घालायला घडी उरलेली नसते. शिवलेलं पुस्तक खिळखिळं झालं तर फर्मे सोडवून पुन्हा शिवता येतात.

मग हार्डकव्हरचा पुठ्ठा कशासाठी? कोपरे दुमडू नयेत, फळीवर ताठ उभं राहावं, यासाठी. प्रवासात मात्र त्याची एक खोड आहे. आतला गठ्ठा पुठ्ठ्याला पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानांनी आणि पाठीवरच्या जाळीदार कापडानं धरलेला असतो, एवढाच. डबा, पाण्याची बाटली आणि वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर ते रोज पिशवीत आडवं-तिडवं हलत राहिलं की पुठ्ठ्याच्या सांध्यातच फाटायला लागतं.

मॅडमना जी कादंबरी हवी होती तिच्यासारखंच, ३२० पानांचं, नेहमीच्या कादंबरीच्या म्हणजे डेमी आकाराचं पुस्तक धरून घरी हिशेब केला. ३२० पानं म्हणजे १६० कागद. चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या नेहमीच्या मॅपलिथो कागदावर नुसत्या पानांचं वजन ३४० ग्रॅमच्या आसपास येतं आणि जाडी साधारण १४ मिलिमीटर. पेपरबॅकचं कव्हर त्यात फारशी भर घालत नाही, जाडी पंधराच्या आत राहते. हार्डकव्हरचे अडीच-अडीच मिलिमीटरचे दोन पुठ्ठे जाडी वीसपर्यंत नेतात आणि वजनात शंभरेक ग्रॅम वाढवतात. तीन फुटांच्या फळीवर पहिल्या हिशेबानं ६० पुस्तकं मावतात, दुसऱ्या हिशेबानं ४५. कागद जाडसर, फुगीर असेल तर दोन्ही आकडे खाली येतात, आणि हल्ली बरीच पुस्तकं तशा कागदावर असतात. म्हणून विकत घेताना पानांच्या आकड्याबरोबर जाडीही बघा.

फळीवर जागा न घेणारे दोन प्रकार उरले. ई-पुस्तक आणि ऑडिओबुक, दोन्ही मोबाइलवरच, म्हणून लोक त्यांना एकाच टोपलीत टाकतात. एसटीत मात्र दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ई-पुस्तकाला डोळे आणि एक हात लागतो. ऑडिओबुकला फक्त कान. सकाळी गाडी सोलापूर स्टँडवरूनच सुटते, तेव्हा खिडकी मिळते. संध्याकाळी अक्कलकोटहून येताना वळसंगपर्यंत बऱ्याचदा दांडी धरून उभं राहावं लागतं. तेव्हा एका हातात दांडी, खांद्याला पिशवी, आणि मोबाइल काढला तर पुढच्याच खड्ड्याला तो कुणाच्या तरी मांडीवर. त्यामुळे माझी सकाळ डोळ्यांची असते आणि संध्याकाळ कानांची.

ई-पुस्तक घेताना एक गोष्ट आधी बघा: ते पीडीएफ आहे का अक्षर मोठं करता येणारं ई-पुस्तक. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच समजा. डेमी पान १४ सेंटिमीटर रुंद असतं आणि मोबाइलचा पडदा सात. म्हणजे पूर्ण पान पडद्यावर बसवलं की बारा पॉइंटचं अक्षर सहाचं होतं. आपल्या लिपीत वर वेलांट्या, मात्रा, खाली उकार, त्यात जोडाक्षरं. एवढ्या छोट्या अक्षरात 'द्ध' आणि 'द्व' हलत्या गाडीत वेगळे दिसत नाहीत. मोठं करून वाचलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवायचं. तीन दिवसांत वैताग येतो आणि दोष मात्र 'मोबाइलवर वाचन होत नाही' या नावावर जातो. खऱ्या ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं लागतात आणि पान पडद्याच्या मापाचं होतं. किंडलवर मराठी पुस्तकं आहेत, बुकगंगावरही आहेत. विकत घेण्याआधी नमुना पानं मिळाली तर अक्षराचा आकार बदलून बघा. बदलला नाही तर ते छापील पानच आहे, पडद्यावर आणलेलं.

उन्हात खिडकीपाशी मोबाइलचा पडदा काळा दिसतो. ई-इंकच्या वाचनयंत्राचं तसं होत नाही, कागदासारखं तेही उन्हात स्वच्छ दिसतं. वजन साधारण दोनशे ग्रॅम. पण त्याचा खर्च परवडण्यासाठी वर्षाला बरीच पुस्तकं वाचली जायला हवीत.

ऑडिओबुकचा वेळेचा हिशेबही मी घड्याळ लावून काढला. डेमीचं एक पान संथपणे मोठ्यानं वाचायला मला सव्वादोन मिनिटं लागली. म्हणजे ३२० पानांना बारा तास. मनात वाचायला पानाला सव्वा मिनिट, म्हणजे पावणेसात तासांच्याही आत. तासाच्या प्रवासात तिकीट, ओळखीचे लोक, डुलकी वजा जाता सकाळी पंचेचाळीस मिनिटं वाचन होतं, म्हणून तीच कादंबरी नऊ सकाळींत संपते. कानांनी संध्याकाळी पन्नास मिनिटं धरली तर चौदा-पंधरा संध्याकाळी. वेग सव्वापट केला तर बारा. त्यापेक्षा जास्त पळवलं की संवाद एकमेकांत मिसळतात, निदान माझ्या कानाला तरी.

स्टोरीटेलवर मराठीत पुष्कळ आहे. तिथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, पुस्तक पूर्ण आहे का संक्षिप्त. तीनशे पानांचं पुस्तक साडेतीन तासांत संपत असेल तर मोठा भाग गाळलेला आहे हे उघड आहे. दुसरी, वर्गणी थांबली की पुस्तकंही बंद होतात. डाउनलोड केलेली असली तरी अॅपबाहेर नेता येत नाहीत. डाउनलोड मात्र घरी वायफायवर करूनच निघा. तासाला साधारण ३० एमबी धरले तर बारा तासांचे ३६० एमबी होतात, आणि गावागावांच्या मध्ये रेंज गेली की कथा नेमकी ऐन रंगात अडकते. ई-पुस्तकाची फाइल याच्यापुढे किरकोळ असते.

माणसांची नावं पुष्कळ असलेली किंवा वंशावळ, नकाशा, तळटीपा असलेली पुस्तकं मी कानांनी ऐकत नाही. तिसऱ्या काकांचं नाव विसरलं की मागे कुठे जायचं हेच कळत नाही. छापील पुस्तकात 'डाव्या पानावर, वरच्या बाजूला होतं' हे हाताला आठवतं. आठवणी, प्रवासवर्णनं, विनोदी लेख ऐकायला मजा येते, कारण ती माणसं बोलतच असतात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग माझी कादंबरी?" त्यांच्या कादंबरीत चार पिढ्या आहेत, म्हणून कान बाद. फळीवर ठेवून पुढे बहिणीला द्यायचीही आहे, म्हणून ई-पुस्तक बाद, ते खात्याला बांधलेलं असतं, हातोहात देता येत नाही. पेपरबॅक घ्या म्हटलं, पण दुकानात आधी वरून पाठ बघा.

परवा मॅडम नव्या पेठेतून पुस्तक घेऊन आल्या. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी ते माझ्यापुढे धरलं, मधलं पान उघडलं आणि घडीतला पांढरा दोरा बोटानं दाखवला. कव्हर मात्र हार्ड होतं. पेपरबॅकची नुसती चिकटवलेली प्रत होती म्हणे, म्हणून शंभर रुपये जास्त देऊन हीच घेतली. आता ती वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्यापासून लांब, पिशवीच्या मागच्या कप्प्यात येते-जाते.