लीड आणि लॅग (कामाचे वेळापत्रक)

एकमेकांवर अवलंबून असलेल्या दोन कामांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या काळाला वेळापत्रकाच्या भाषेत लॅग म्हणतात. पहिले काम संपायच्या आधीच दुसरे सुरू करण्याची मुभा दिली, तर ते लीड. गणितात लीड म्हणजे उणे लॅग. दोन्ही कामाला नव्हे, तर दोन कामांमधल्या दुव्याला जोडलेले असतात. कामे बाणांनी दाखवणाऱ्या नियोजनाच्या जुन्या आकृत्यांत अशी वाट पाहणे दाखवायचे तर त्यासाठी वेगळा बाण काढावा लागे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन फोंडाल यांनी १९६१ मध्ये कामे वर्तुळांत मांडून त्यांना रेषांनी जोडण्याची पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढे वाढलेल्या पद्धतीत हा काळ थेट दुव्यावर लिहिता येऊ लागला.

बांधकामातला नेहमीचा लॅग म्हणजे पाणी मारण्याचा, अर्थात क्युअरिंगचा. बाथरूमच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला की त्यावर साधारण सात दिवस पाणी मारतात आणि मगच टाइल्स लावतात. सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया त्या काळात चालू असते आणि गिलावा थोडा आकसतही असतो. घाईने टाइल लावली तर आकसणारा गिलावा आणि न आकसणारी टाइल यांच्यात ताण येतो, पकड सुटते. हे दिसायला महिने जातात. आधी सांध्यातल्या ग्राउटला केसासारखी चीर पडते आणि टाइलवर नाण्याने टकटक केले की भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज येतो.

एक उदाहरण घेऊ. साइटला रविवारी सुट्टी आहे. गिलाव्याचे काम वेळापत्रकात चौथ्या ओळीवर आहे आणि ते शनिवारी संध्याकाळी संपते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये टाइल्सच्या ओळीत आधीच्या कामाच्या रकान्यात `4FS+7d`, म्हणजे चौथ्या ओळीचे काम संपल्यावर सात दिवसांनी सुरुवात, असे लिहिले, तर सॉफ्टवेअर फक्त कामाचे दिवस मोजते. सोमवार ते शनिवार सहा, पुढचा सोमवार सातवा, म्हणून टाइल्स मंगळवारी. पण सिमेंट काही रविवारची सुट्टी घेत नाही. `4FS+7ed` लिहिले की कॅलेंडरचे सलग दिवस धरले जातात, मुदत पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुरी होते आणि लादीवाला सोमवारी येऊ शकतो. इथे फरक एका दिवसाचाच आहे. पण दिवाळीची सुट्टी मध्ये आली की तो चांगलाच वाढतो. प्रायमाव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर लॅग आधीच्या कामाच्या कॅलेंडरने मोजायचा, नंतरच्या की चोवीस तासांच्या, हे वेगळे ठरवावे लागते. ती निवड न पाहताच वेळापत्रक छापणारे कमी नाहीत.

क्युअरिंग आणि वाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लॅगचा आकडा बहुधा इथेच चुकतो. सिमेंटच्या मसाल्यात टाइल बसवायची असेल, तर पाणी मारून झालेली ओलसर भिंत चालते. पण बऱ्याच वॉटरप्रूफिंग लेपांना किंवा रंगाला कोरडा पृष्ठभाग लागतो. मग सात दिवसांनंतर वाळण्याचा काळ वेगळा धरावा लागतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो कागदावर आधी सांगताच येत नाही. अशा वेळी दिवस मोजण्यापेक्षा तपासणी बरी. प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून किमान सोळा तास ठेवायचा. खाली थेंब जमले किंवा पृष्ठभाग काळवंडला, तर ओल बाकी आहे.

लॅगचा मोठा दोष म्हणजे तो तक्त्यात पट्टीसारखा दिसत नाही, दोन पट्ट्यांमधली नुसती रिकामी जागा दिसते. काम मागे पडले की ठेकेदाराचा हात आधी त्या रिकाम्या जागेवर जातो. शिवाय भिंतीवर पाणी कुणीतरी मारायचे असते, आणि लॅगला माणूस नेमता येत नाही. म्हणून अनुभवी नियोजक ‘गिलाव्याला पाणी मारणे, सात सलग दिवस’ असे स्वतंत्र कामच लिहितात.

लीड त्याहून नाजूक. दोन बाथरूमच्या टाइल्स संपायच्या एक दिवस आधी ग्राउटिंग सुरू करायचे म्हणून `5FS-1d` लिहिले जाते. पण हा दिवस टाइल्स कधी संपतील या अंदाजावरून मागे मोजलेला असतो. शेवटच्या दिवशी टाइल्स कमी पडल्या आणि काम तीन दिवस लांबले, तरी ग्राउटवाला केव्हाच येऊन बसलेला असतो. त्यापेक्षा काम फोडावे, पहिल्या बाथरूमच्या टाइल्स हे एक काम आणि दुसरीच्या हे दुसरे. पहिलीचे ग्राउट पहिलीच्या टाइल्सना जोडले की लीडची गरजच उरत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याच्या कंत्राट व्यवस्थापन संस्थेच्या चौदा मुद्द्यांच्या वेळापत्रक-तपासणीत लीड एकही असू नये आणि लॅग एकूण दुव्यांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, अशी अपेक्षा असते.