हलक्या दिवसाची हद्द कुठून आली? हार्ट रेट झोनची पार्श्वभूमी

धावण्याचं नवं घड्याळ मनगटावर बांधलं की ते वय विचारतं आणि लगेच हृदयाच्या ठोक्यांचे पाच रंगांचे झोन आखून देतं. हलक्या दिवशी दुसऱ्या झोनमध्ये राहायचं, कठीण दिवशी चौथ्या-पाचव्यात जायचं. हौशी धावपटू पहिल्याच आठवड्यात वैतागतो, कारण दुसऱ्या झोनमध्ये राहायचं तर त्याला धावताच येत नाही, चालावं लागतं. दोष बहुतेक वेळा त्याच्या दमसासात नसतो. झोनच्या हद्दी ज्या आकड्यांवरून काढतात, ते आकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधताना जन्माला आले आहेत.

सर्वात प्रसिद्ध आकडा म्हणजे २२० वजा वय, मिनिटाला हृदयाचे जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात याचा अंदाज. हा एखाद्या मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष असेल असं वाटतं, पण तसं नाही. १९७० च्या आसपास अमेरिकेत सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल हे दोघं हृदयविकार टाळण्यासाठी व्यायाम किती जोरात करावा, याचं मार्गदर्शन तयार करत होते. आधी छापून आलेल्या अभ्यासांमधले वय आणि कमाल ठोक्यांचे आकडे त्यांनी आलेखावर मांडले. ठिपक्यांमधून जाणारी एक सोयीची रेघ दिसली, आणि १९७१ मध्ये ती छापली गेली. धावपटूंसाठी ती काढलेली नव्हतीच. २००२ मध्ये रॉबर्ग्ज आणि लँडवेर या संशोधकांनी तिचा माग काढला, तेव्हा मूळ लेखात रेघ बसवण्याचं गणितच सापडलं नाही. त्यांनी त्याच आकड्यांवर ते स्वतः करून पाहिलं, तर समीकरण थोडं वेगळंच निघालं.

त्याआधी एक वर्ष, २००१ मध्ये, तानाका आणि सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र दिलं. सरासरीसाठी ते चांगलं आहे. पण धावताना सरासरी धावत नाही, एक माणूस धावतो. एकाच वयाच्या निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांमध्ये १० ते १२ चं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा पसारा, असतं. म्हणजे साधारण तिघांतल्या एकाच्या बाबतीत सूत्र त्याहूनही जास्त चुकतं, आणि सूत्र कितीही सुधारलं तरी हा पसारा कमी होत नाही.

दुसरा धागा फिनलंडचा आहे, आणि तो जास्त जुना. १९५७ मध्ये मार्टी कार्व्होनेन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या तरुणांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं. त्यांचा प्रश्न असा होता की हृदयावर परिणाम दिसायचा तर ठोके किमान किती वर जायला हवेत? त्यांनी कमाल ठोक्यांची थेट टक्केवारी घेतली नाही. विश्रांतीचे ठोके आणि कमाल ठोके यांच्यातलं अंतर, म्हणजे हाताशी असलेला राखीव साठा, त्यांनी मोजला. या अंतराच्या ६० टक्क्यांहून वर गेल्याशिवाय फायदा दिसला नाही. ही पद्धत आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते, आणि माझ्या मते घड्याळात पर्याय असेल तर हौशी धावपटूनं पहिली निवड हीच करावी. मात्र कार्व्होनेन ‘पुरेसं जोरात’ कुठून सुरू होतं ते शोधत होते. ‘पुरेसं हलकं’ कुठे संपतं, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

हा फरक आकड्यांत किती मोठा होतो ते पाहू. समजा, धावपटू ४५ वर्षांचा आहे आणि सकाळी उठल्यावर त्याचे ठोके ५६ असतात. सूत्रानं त्याची कमाल १७५ आणि दुसरा झोन, म्हणजे ६० ते ७० टक्के, १०५ ते १२२. तो अगदी सावकाश, गप्पा मारत धावतो तेव्हा ठोके १३८ असतात. घड्याळ म्हणतं, तिसरा झोन, हळू हो.

आता याच माणसानं चढावर काही वेळा जोर लावून, शेवटच्या फेरीत सगळं झोकून देऊन कमाल मोजली आणि ती १८८ निघाली. (हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा व्यायाम नुकताच सुरू केलेल्यांनी ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधं चालू असतील तर ही सगळी सूत्रं तशीही लागू पडत नाहीत.) कार्व्होनेनच्या पद्धतीनं अंतर १८८ वजा ५६, म्हणजे १३२. त्याचे ६० टक्के ७९, त्यात ५६ मिळवले की १३५. ७० टक्क्यांना येतात १४८. म्हणजे त्याचा दुसरा झोन १३५ ते १४८, आणि १३८ वरची ती गप्पांची धाव त्यात नीट बसते. नाव तेच, टक्के तेच, पण हद्द तब्बल २६ ते ३० ठोक्यांनी सरकली.

चूक उलटीही होते. त्याच वयाच्या दुसऱ्या कुणाची खरी कमाल १६२ असेल, तर सूत्राच्या १७५ चे ९० टक्के म्हणजे १५७ गाठायला तो इंटरव्हलमध्ये, म्हणजे मध्ये विश्रांती घेत जोरात धावायच्या फेऱ्यांमध्ये, जीव तोडून पळेल. ते त्याच्या कमालीचे ९७ टक्के होतात. दोन फेऱ्यांतच तो गळून जाईल आणि आपण कमजोर आहोत असं समजेल.

तिसरा धागा थ्रेशोल्डचा, म्हणजे शरीराच्या उंबरठ्याचा. वेग वाढत गेला की श्वास आणि स्नायूंच्या कामातून रक्तात येणारं लॅक्टेट एका सरळ रेषेत वाढत नाही, दोन ठिकाणी त्याची चाल बदलते. पहिल्या वळणापर्यंत माणूस पूर्ण वाक्यं बोलू शकतो. दुसऱ्या वळणापलीकडे शब्दही मोजून निघतात. १९६० च्या दशकापासून प्रयोगशाळांमध्ये ही वळणं मोजायला सुरुवात झाली. पण सामान्य धावपटूपर्यंत ते पोहोचायला मैदानावर चालणारं यंत्र हवं होतं. ते पुन्हा फिनलंडमधूनच आलं. १९७७ मध्ये सेप्पो सायनायाकांगास यांनी पोलर ही कंपनी काढली. बर्फावर सराव करणाऱ्या स्कीपटूंचे ठोके सरावातच कसे मोजायचे, ही मूळ गरज होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला छातीचा पट्टा आणि मनगटावरचं घड्याळ बिनतारी जोडलं गेलं.

थ्रेशोल्ड, म्हणजे दुसरं वळण, घरच्या घरी काढण्याची रूढ रीत अशी: एकट्यानं ३० मिनिटं झेपेल तितक्या सलग जोरात धावायचं आणि शेवटच्या २० मिनिटांच्या ठोक्यांची सरासरी घ्यायची. आपल्या धावपटूची ती १६८ आली असं धरू. या पद्धतीत दुसऱ्या झोनची वरची हद्द या सरासरीच्या साधारण ८९ टक्के धरतात, म्हणजे १५०. कार्व्होनेननं १४८ दिले होते. दोन स्वतंत्र वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले आणि १५० च्या आसपास बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर हद्द बरोबर लागली असं समजावं. तिन्ही जुळत नसतील तर मी बोलण्यावर विश्वास ठेवीन.

हद्द सापडली, पण आठवड्यात तिचा वापर कसा करायचा हा वेगळा इतिहास आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हान्स राइंडेल यांनी इंटरव्हलला नाडीचं माप लावलं. धावून ठोके १८० पर्यंत न्यायचे, मग ते १२० वर येईपर्यंत थांबायचं. दीड मिनिटात ते उतरले नाहीत तर फेरी जास्त कठीण झाली. गेर्शलरच्या शिष्यानं, रुडॉल्फ हार्बिगनं, १९३९ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. उलट टोकाला न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड. त्यांच्या ८०० मीटरच्या धावपटूलाही ते हंगामाच्या पायाभरणीत आठवड्याला १०० मैल धावायला लावत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी पीटर स्नेल ८०० मीटर आणि मरी हॅलबर्ग ५००० मीटर जिंकले, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. अमेरिकेत ऑरेगनचे बिल बावरमन यांनी कठीण दिवसानंतर एक-दोन हलके दिवस हा नियमच केला.

नियम सोपा, पण तो पाळला जात नाही. २००१ मध्ये कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी प्रशिक्षकांनी ठरवलेली मेहनत आणि धावपटूंनी केलेली मेहनत शेजारी ठेवली. हलक्या दिवशी धावपटू ठरल्यापेक्षा जोरात गेले होते आणि कठीण दिवशी ठरल्यापेक्षा कमी. सगळे दिवस मधल्या करड्या पट्ट्यात येऊन बसले होते. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांनी २००६ मध्ये तिथल्या तरुण स्कीपटूंच्या नोंदी मांडल्या. त्यांची सुमारे तीन-चतुर्थांश सत्रं पहिल्या वळणाखाली होती, दोन वळणांच्या मधली अगदी थोडी. पुढे हेच ८०-२०, म्हणजे ऐंशी टक्के हलकं आणि वीस टक्के कठीण, या नावानं लोकप्रिय झालं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. सायलर यांची ती मोजणी सत्रांची आहे. घड्याळ मात्र मिनिटं मोजतं. आपला धावपटू आठवड्यातून चार दिवस धावतो: दोन हलके ४५ मिनिटांचे, एक लांब ९० मिनिटांचा, आणि एक कठीण ५० मिनिटांचा. कठीण दिवशी चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं सावकाश जॉग. चारातलं एक सत्र कठीण, म्हणजे २५ टक्के. मिनिटांत पाहिलं तर २३० पैकी १६, जेमतेम ७ टक्के. घड्याळातला तो आकडा पाहून त्याला वाटतं आपण कमी पडतोय, आणि तो बुधवारची हलकी धावही दामटतो. फॉस्टरनं टिपलेली चूक अशीच होते.

त्या चार फेऱ्यांमध्येही ठोक्यांच्या मागे लागू नये. ठोके वेगामागून सावकाश चढतात, पहिलं मिनिट-दीड मिनिट ते खोटंच सांगतात. सुरुवात अंदाजानं करावी आणि प्रत्येक फेरीच्या शेवटच्या मिनिटात आकडा बघावा. त्याच्यासाठी तो १६९ ते १७९ च्या दरम्यान हवा. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कधीकधी पावलांचा ठेकाच ठोके म्हणून दाखवतो. हलक्या धावेत अचानक १७० च्या आसपास आकडा अडकला आणि श्वास शांत असेल तर संशय घ्यावा. इंटरव्हलला छातीचा पट्टाच बरा.

लांब धावेत उलटं होतं. तासाभरानंतर, विशेषतः उकाड्यात, वेग तोच असताना ठोके १४० वरून १५२ वर सरकतात. घाम गेल्यानं आणि रक्त त्वचेकडे वळल्यानं एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून ठोके वाढतात. अशा वेळी दोन-तीन ठोके वर गेले म्हणून थांबायची गरज नाही. पण बोलणं तुटत असेल तर वेग कमी करावा, लागलं तर थोडं चालावं.

८०-२० हौशी धावपटूला कितपत लागू पडतं, याची एक चाचणी २०१४ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी केली. ३० हौशी धावपटू, १० आठवडे. बहुतांश हलकं आणि थोडं कठीण धावणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ ५ टक्क्यांनी सुधारली, मधल्या पट्ट्यात जास्त धावणाऱ्यांची ३.६ टक्क्यांनी. गट लहान असल्यानं हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. सुधारले दोन्ही गट. त्यामुळे आठवड्यात दोनदाच धावणाऱ्यानं ८०-२० चा हिशेब मांडत बसू नये. चार-पाच दिवस धावायला लागलं आणि कठीण दिवशी पाय जड वाटायला लागले, की मग हलके दिवस खरंच हलके आहेत का, हे आपल्या धावपटूच्या १४८ सारख्या स्वतःच्या हद्दीवर तपासायला सुरुवात करावी.