भिंतीपलीकडचं गाणं आपण ओळखतो कसं?

शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी मोठ्यानं गाणं लावलं की आपल्यापर्यंत त्याचा तळच तेवढा येतो. भिंत वरच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी अडवते, खर्जाला मात्र तिला तितकंसं रोखता येत नाही. शब्द गेले, चाल गेली. उरली बेस गिटारची घुमणारी ओळ आणि ड्रमचे ठोके. तरी कधीकधी चटकन कळतं की हे गाणं आपल्या ओळखीचं आहे. मुखडा आठवत नाही, नावही आठवत नाही, पण ओळख पटलेली असते.

ती ठेक्यामुळे पटते असं वाटणं साहजिक आहे. पण नुसता ठेका या कामी फारच दुबळा ठरतो. तीनतालाचा ठेका ऐकून कोणती बंदीश चालू आहे हे कुणी सांगू शकत नाही, कारण त्याच ठेक्यावर असंख्य बंदिशी उभ्या असतात. गाण्याची स्वतःची लय टेबलावर वाजवून दाखवली तरी फारसा फरक पडत नाही. एलिझाबेथ न्यूटन यांनी 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हे करून पाहिलं. लोकांनी प्रसिद्ध गाणी बोटांनी टेबलावर वाजवायची आणि समोरच्यानं ओळखायची. 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखता येतील! त्यांच्या डोक्यात अख्खं गाणं चालू होतं, समोरच्याच्या कानावर मात्र कोरडी टकटक पडत होती.

मग मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ नुसत्या ड्रमवरून लोक कसं ओळखतात? त्याची सुरुवात तर अगदी साध्या ठेक्यानं होते. चार मात्रांपैकी पहिल्या-तिसऱ्या मात्रेला पायानं वाजवायचा किक ड्रम, दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रम, आणि वर हाय-हॅट झांजांची एकसारखी चाललेली टिकटिक. हा ठेका हजारो गाण्यांत सापडेल. इथं ओळख पटते ती आवाजाच्या पोतावरून. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी या ड्रमसाठी खास लाकडी चौथरा केला होता, किक ड्रमवर घालायला कव्हर शिवून घेतलं होतं. म्हणून तो आवाज इतका घट्ट आणि कोरडा येतो. पोताची स्मृती थक्क करण्याइतकी तल्लख असते. 1999 मध्ये ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे तुकडे ऐकवले. एवढ्याशा तुकड्यात चाल किंवा ताल कुठून येणार? तरीही दिलेल्या यादीतून योग्य गाणं निवडण्यात लोक नुसत्या अंदाजापेक्षा सरस ठरले. मात्र वरच्या कंपनसंख्या गाळल्या की कामगिरी घसरली. आणि भिंत नेमकं तेच गाळते.

म्हणजे भिंतीपलीकडे पोत अर्धामुर्धाच उरतो. तिथं बेसची ओळ कामाला येते, कारण तिच्यात लय आणि सूर दोन्ही असतात, आणि त्यासाठी फार सूरही लागत नाहीत. क्वीन हा रॉक बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या ‘अंडर प्रेशर’ची (1981) ओळ घ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ती अशी आहे: सा, सा, सा, मग जलद सासा, पुन्हा सा, आणि शेवटी मंद्र पंचम. सात आघात, सूर दोनच. नुसते आघात टेबलावर वाजवले तर न्यूटन यांच्या श्रोत्यांसारखीच गत होईल. पण शेवटी तो पंचम खाली उतरला की संशय फिटतो.

खालच्या सुरातली लय पकडण्यात कानही तरबेज आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटानं 2014 मध्ये एक उंच आणि एक खालचा सूर एकत्र, ठरावीक अंतरानं ऐकवले आणि अधूनमधून त्यातला एखादा 50 मिलिसेकंद लवकर वाजवला. खालचा सूर चुकला की मेंदूची प्रतिक्रिया अधिक तीव्र होती. संशोधकांच्या मते याचं मूळ अंतर्कर्णाच्या रचनेतच आहे. चालीचे बारकावे मात्र आपण उंच सुरात जास्त चांगले टिपतो, त्यामुळे ही कामाची वाटणीच म्हणायची.

उजळणीचा भागही आहेच. अंतऱ्याचे शब्द गाण्यात बहुधा एकदाच येतात. बेसची छोटी ओळ तेवढ्या वेळात कित्येकदा फिरून येते. आपण लक्ष देत नसलो तरी.

अशी ओळ थोडाफार बदलही पचवते. 1990 मध्ये व्हॅनिला आइस या रॅपरचं ‘आइस आइस बेबी’ गाजलं, तेव्हा त्यात ‘अंडर प्रेशर’ची ओळ आहे हे ऐकणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं. आपल्या ओळीत एक जादा आघात आहे, म्हणून ती वेगळी, असा बचाव त्यानं मुलाखतीत गाऊन दाखवत केला. तो काही टिकला नाही. पुढे क्वीन आणि बोवी यांची नावं गाण्याच्या श्रेयात आली.