इडली-डोशाचे पीठ फुगणे

भिजवून वाटलेले तांदूळ व उडदाची डाळ यांचे मिश्रण रात्रभर उबेत ठेवले असता त्यात होणारे नैसर्गिक किण्वन. त्यासाठी बाहेरून विरजण लागत नाही. आवश्यक सूक्ष्मजंतू डाळ-तांदळावरच असतात आणि भिजवण्याच्या काळात वाढू लागतात.

पीठ फुगवणारा वायू म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड. तो कोण निर्माण करतो याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासकांना आंबलेल्या पिठात यीस्टही आढळल्याने ते त्याला वाटा देतात. मात्र १९६०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स हा जीवाणू प्रमुख ठरला असून ते मत अधिक ग्राह्य वाटते. हा जीवाणू शर्करेपासून लॅक्टिक आम्लाबरोबर वायूही सोडतो, त्यामुळे यीस्टवाचूनही पीठ फुगू शकते. पुढे आम्लता वाढली की आम्ल सोसणारे, पण वायू न देणारे जीवाणू जोर धरतात. म्हणजे फुगणे आधी व आंबटपणा मागाहून, असा साधारण क्रम असतो.

वायू अडवून धरण्याचे काम उडदाचे. त्यातील प्रथिने व चिकट बुळबुळीत पदार्थ बुडबुड्यांभोवती पातळ पापुद्रा धरतात. नुसते तांदळाचे पीठ आंबते, पण वायू निसटल्याने बसून राहते. उडदाचा हा चिकटपणा खानदेशात कळण्याच्या भाकरीमुळे परिचित आहे. डाळ नीट वाटली गेली की नाही हे पाहण्यासाठी वाटणाचा थेंब पाण्यात टाकतात. तो तरंगला पाहिजे.

तीन वाट्या तांदळास एक वाटी डाळ घेतल्यास २८-३० अंश सेल्सियसला पीठ साधारण १० ते १२ तासांत वर येते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात रात्रीही स्वयंपाकघर तिशीच्या खाली क्वचितच उतरते. तेथे संध्याकाळी वाटलेले पीठ मध्यरात्रीनंतरच भरास येते आणि पहाटेपर्यंत खाली बसते. भांड्याच्या कडेला वर राहिलेली पिठाची रेघ, मध्ये खोलगट झालेला पृष्ठभाग व झोंबरा आंबट वास ही त्याची लक्षणे. अधिक उष्णतेत आम्ल करणारे जीवाणू लवकर वरचढ होतात आणि आम्लाने प्रथिनांची पकड ढिली पडते. म्हणून उन्हाळ्यात गार पाण्याने, तेही निजायच्या सुमारास वाटणे सोयीचे. उलट धुळे-नंदुरबारकडील थंडीत पीठ सकाळी जसेच्या तसे दिसले, तरी ते बिघडले असे नव्हे. उबेत ठेवून आणखी काही तास द्यावे लागतात.

खाली बसलेल्या पिठाच्या इडल्या चपट्या व घट्ट होतात. डोशाला मात्र ते चालते, कारण तव्यावर पसरताना बराच वायू तसाही निघून जातो.

या प्रथेचा काळ निश्चित नाही. सु. ११३० मधील मानसोल्लासात ‘इडरिका’ आहे, पण ती केवळ उडदाची दिसते. तांदूळ व रात्रभर आंबवणे यांची जोड बहुधा नंतरची असावी.