खुर्चीतला रुग्ण ढासळला तर: दातांच्या दवाखान्यातला सराव, कोणी काय करायचं आणि कोणते कागद हवेत

या सरावात रिसेप्शनवरच्या ताईंसकट सगळे हवेत, कारण १०८ ला फोन बहुधा त्याच लावणार. इंजेक्शन मात्र नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायचं. सहाय्यकाने सामान हातात द्यावं, वेळ मोठ्याने सांगावी आणि लिहून ठेवावी.

कागद तीन लागतात: रुग्णाच्या आजारांचा फॉर्म, औषधपेटीतल्या मुदतीच्या तारखांची यादी आणि घटनेची नोंदवही. फॉर्ममध्ये ‘आज काय खाल्लं, कोणती गोळी घेतली’ हा रकाना नसेल तर हाताने वाढवा. इंदूरच्या आपल्या मंडळींत उपासाच्या दिवशी खरी गोम तिथेच असते.

सरावासाठी हा प्रसंग घ्या. संकष्टीला साडेअकराला ५८ वर्षांच्या काकू दाढ काढायला आल्या. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली, पोटात काही नाही. भुलीच्या सुईआधीच दरदरून घाम, हात थरथरतायत, बोलणं तुटक. काम थांबवा, तोंडातला कापूस काढा, खुर्ची आडवी करून पाय उंच करा. साधी भोवळ असेल तर मिनिट-दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो. काकूंना तसा आराम पडला नाही, पण मधुमेह्याच्या बाबतीत तेवढी वाट न पाहता लगेच ग्लुकोमीटर लावा. आकडा आला ५२. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली. त्या शुद्धीवर आहेत, गिळू शकतात, म्हणून उठवून बसवा आणि १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सत्तरच्या वर गेली नसेल तर तेवढंच परत. मग खायला लावा. चतुर्थी पुढच्या महिन्यातही येते. या गोळीचा अंमल कित्येक तास राहतो, साखर परत उतरू शकते, म्हणून एकटं घरी सोडू नका. त्यांच्या डॉक्टरांशी बोला. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही घालायचं नाही: १०८ ला फोन, आणि डॉक्टरांनी शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा स्नायूत १ मिग्रॅ ग्लुकागॉन.

आता प्रसंग बदला: पेनिसिलिन किंवा रबरी हातमोज्यांनंतर अंगावर गांधी, ओठ सुजले, श्वासाला शिट्टी. इथे सराव हमखास फसतो, कारण हात आधी एव्हिलकडे जातो. पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन. १ मिलिलीटरमध्ये १ मिग्रॅ असलेल्या अँप्युलमधून मोठ्या माणसाला अर्धा मिलिलीटर, मांडीच्या मधोमध बाहेरच्या बाजूला, स्नायूत. साडी किंवा पँटवरूनही चालतं. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई आखूड असते, म्हणून पेटीत दोन मिलिलीटरची सिरिंज ठेवा. भुलीच्या औषधात मिसळलेलं अ‍ॅड्रेनालिन फार पातळ असतं, ते या कामाचं नाही. उतार नसेल तर पाच मिनिटांनी दुसरा डोस. रुग्णाला उभं करू नका. धाप लागली असेल तर बसू द्या, नाहीतर आडवंच. बरं वाटलं तरी रुग्णालयात पाठवा, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

सराव मुदत संपलेल्या अँप्युलवर, संत्र्यात टोचून करा. नोंदवहीत दोन वेळा लिहा: लक्षण कधी दिसलं आणि औषध कधी टोचलं. मधला वेळ पेटी शोधण्यात गेला असेल तर पेटीची जागा त्याच दिवशी बदला.