शीळभाषा आणि ढोलभाषा

बोलण्यातले शब्द तोंडाने न उच्चारता शिळेच्या किंवा ढोलाच्या सुरांतून लांबवर पोचवण्याच्या पद्धतींना ही नावे आहेत. या स्वतंत्र भाषा नाहीत, तसेच ठरवून घेतलेले संकेतही नाहीत. धोक्यासाठी तीन ठोके आणि जेवणासाठी दोन, असे ठरवले तर तो संकेत झाला, आणि जे ठरले आहे त्यापलीकडे त्यात काही सांगता येत नाही. शिळेत किंवा ढोलात बोलणारा माणूस आपल्या रोजच्या भाषेतलेच वाक्य वाजवतो. त्या वाक्याचा बराचसा ध्वनी मात्र वाटेत गळून पडतो. उरलेल्यातून ऐकणाऱ्याला अर्थ कसा लागतो, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

माणूस जिवाच्या आकांताने ओरडला तरी मोकळ्यावर काहीशे मीटरांपलीकडे शब्द कळत नाहीत. आवाज ऐकू येतो, पण कोण काय म्हणतो ते लागत नाही. बोलण्याची ऊर्जा अनेक कंप्रतांवर विखुरलेली असते, आणि शब्द ओळखण्यासाठी ज्या बारीक छटा लागतात त्या वारा, पाणी आणि पानांच्या सळसळीत आधी बुडतात. शिळेत सगळी ऊर्जा एका अरुंद पट्ट्यात एकवटते. हा पट्टा साधारण 1,000 ते 4,000 हर्ट्झचा असतो. माणसाचा कान तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो आणि वाऱ्याचा आवाज बहुतांशी त्याच्या खाली राहतो. म्हणून डोंगराळ मुलखात दरीच्या एका कड्यावरची शीळ समोरच्या कड्यावर, काही किलोमीटरांवर, नीट कळते. दाट जंगलात गणित बदलते. उंच सूर पाने आणि खोडांवर आपटून विखुरतात, खालचे सूर पुढे जातात. तिथे ढोल सरस ठरतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की ध्वनी वर निसटण्याऐवजी खाली वळतो. म्हणून ढोलाचे निरोप पहाटे आणि रात्री सर्वांत लांब जातात, नदीच्या पात्रावरून तर विशेष.

शिळेत भाषा बसवण्याच्या दोन रीती आहेत. कोणती रीत चालेल हे त्या भाषेच्या स्वभावावर ठरते. काही भाषांत सूर बदलला की शब्दच बदलतो. मराठीत 'आलास' आणि 'आलास?' यांत सुराने फक्त विधानाचा प्रश्न होतो, पण सूरभाषांत त्याच अक्षरांचा उंच सुरात एक अर्थ आणि खालच्या सुरात दुसराच अर्थ असतो. मेक्सिकोतील वाहाका राज्यातली मासातेक ही अशी भाषा आहे. तिच्यात शीळ घालणारा फक्त शब्दांचे सूर उचलतो. जॉर्ज कोवन यांनी 1948 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मक्याच्या पानांचा भारा घेऊन चाललेल्या माणसाशी दुसऱ्याने शिळेतूनच घासाघीस केली आणि एकही शब्द न उच्चारता सौदा पक्का झाला, असा प्रसंग त्यात आहे. तिथे शीळ घालतात पुरुष. बायकांना ती कळते, पण त्या सहसा घालत नाहीत.

स्पॅनिश ही सूरभाषा नाही, तरीही कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा बेटावर ती शिळेत बोलली जाते. या शिळेला 'सिल्बो' म्हणतात. बोट किंवा बोटाचे पेर तोंडात घालायचे, दुसऱ्या हाताचा पंजा कर्ण्यासारखा धरायचा आणि बोलताना जीभ जशी हलते तशीच हलवायचा प्रयत्न करायचा. 'इ' म्हणताना जीभ पुढे आणि वर जाते, त्यामुळे शीळ उंच लागते. 'ओ', 'उ' म्हणताना ती मागे सरते आणि सूर उतरतो. व्यंजने वेगळी ऐकू येत नाहीत. ती स्वरांच्या मधल्या वळणांत दिसतात: 'त'पाशी सूर वर चढून क्षणभर तुटतो, 'प'पाशी खाली उतरून तुटतो, 'न'पाशी वर जातो पण तुटत नाही, 'म'पाशी न तुटता खाली येतो. त्यामुळे 'प' आणि 'क' यांच्यात शिळेत जवळपास फरक उरत नाही. व्यंजने अशी चार ढिगांत वाटली जातात, यावर साधारण एकमत आहे. स्वरांचे मात्र दोनच गट कळतात की चार, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्या मते हा वाद काही अंशी ऐकणाऱ्याचाच आहे. सराईत कान संदर्भावरून इतके भरून काढतो की त्याने नेमके काय ऐकले आणि काय ताडले, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

ढोलाकडे वळले की हीच अडचण अनेक पटींनी वाढते, कारण शिळेत सूर सरकतो तरी, ढोलाला फक्त ठोके असतात. याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण काँगो नदीकाठच्या लोकेले लोकांचे आहे. जॉन कॅरिंग्टन हे इंग्रज मिशनरी 1938 मध्ये आफ्रिकेत गेले आणि आजच्या किसांगानीजवळच्या याकुसू येथे राहिले. ते स्वतः ढोल वाजवायला शिकले आणि 1949 मध्ये त्यांनी या ढोलांवर पुस्तक लिहिले. लोकेलेंच्या ढोलाचे नाव बोउंगू. त्याला कातडे नसते. जाड लाकडी ओंडक्याला लांब अरुंद खाच पाडतात आणि त्या खाचेतूनच आतले लाकूड कोरून काढतात. एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी कोरले की खाचेच्या दोन ओठांतून दोन वेगळे सूर निघतात, एक उंच आणि एक खालचा. टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन काठ्यांनी ते वाजवतात. लोकेलेंच्या भाषेतही प्रत्येक अक्षर उंच किंवा खालच्या सुराचे असते, त्यामुळे वाक्यातला प्रत्येक सूर ढोलावर जसाच्या तसा ठोकता येतो.

या भाषेत सुराला किती वजन आहे हे 'आलांबाका बोइली' या दोन शब्दांवरून कळते. एका सुरावळीत त्यांचा अर्थ 'त्याने नदीकाठावर नजर ठेवली' असा होतो, दुसऱ्या सुरावळीत 'त्याने सासूला उकडले' असा. बोलताना सूर चुकला तर हसे होते. ढोलावर मात्र अक्षरेच नाहीत, उरतात ते केवळ सूर, आणि तिथे उलटी पंचाईत होते. 'सोंगे' म्हणजे चंद्र, 'कोको' म्हणजे कोंबडी, 'फेले' म्हणजे एका जातीचा मासा. तिन्ही शब्दांची दोन्ही अक्षरे उंच सुराची. ढोलावर तिन्हींचे दोन सारखे उंच ठोके पडतात, आणि ते कितीही स्वच्छ ऐकू आले तरी कोणता शब्द हे कळायला मार्ग नाही.

ढोलकऱ्यांनी यावर काढलेला तोड असा, की एकटा शब्द वाजवायचाच नाही. चंद्रासाठी 'सोंगे ली तांगे ला मांगा', म्हणजे 'जमिनीकडे खाली पाहणारा चंद्र', असे पूर्ण ठोकायचे. कोंबडीसाठी 'कोको ओलोंगो ला बोकिओकिओ', म्हणजे 'किओकिओ करणारी लहानशी कोंबडी'. हिशेब करून पाहावा. दोन अक्षरांना दोन सूर मिळाले तर एकूण चारच आकृत्या संभवतात, आणि भाषेत दोन अक्षरी शब्द तर शेकड्यांनी. चंद्राचा वाक्प्रयोग आठ अक्षरांचा आहे, त्याच्या 256 आकृत्या होऊ शकतात. कोंबडीचा अकरा अक्षरांचा, त्याच्या 2,048. शब्द लांबला की त्याची सुरावळ दुसऱ्या शब्दाशी जुळण्याची शक्यता झपाट्याने घटते. शिवाय हे वाक्प्रयोग ठरलेले असतात. त्यामुळे मधले दोन-तीन ठोके वाऱ्याने नेले तरी ओळखीचे गाणे जसे अर्ध्यावरून कळते तसा वाक्प्रयोग कळतो. कॅरिंग्टन यांच्या अंदाजाने साध्या बोलण्यातल्या एका शब्दासाठी ढोलावर साधारण आठ शब्द लागत. युरोपीय प्रवाशांना हा पाल्हाळ कवितेचा शौक वाटे. तो शौक नव्हता, चुका पकडण्याची सोय होती. कविता अनायासे झाली. 'घाबरू नकोस' याचे ढोलावर 'तोंडात आलेले काळीज खाली घे, तोंडातले काळीज, तिथून खाली घे' असे होई.

माणसांच्या नावांनाही हेच लागू होते. प्रत्येकाचे ढोलावरचे नाव वेगळे असे आणि त्यात स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आईचे गाव असे भाग येत. आधी नाव ठोकून माणूस सावध करायचा, मग मजकूर ठोकायचा, आणि तो पुन्हा ठोकायचा. निरोप साधारण दहा किलोमीटर जाई. पुढे न्यायचा असेल तर मधल्या गावचा ढोलकरी तो उचलून पुन्हा वाजवी. मर्यादाही यातूनच येतात. ज्या गोष्टीसाठी वाक्प्रयोग तयार नाही ती सांगायची तर आधी वाक्प्रयोग रुळावा लागतो. काही वाक्प्रयोगांत तर असे जुने शब्द अडकून पडले होते की ते ठोकणाऱ्यालाही त्यांचा अर्थ सांगता येत नसे. वापर मात्र अचूक होई. आणि ढोलावर गुपित राहत नाही. सारा पंचक्रोशीतला गाव ऐकतो.

ढोल म्हणजे दोन सूर, एवढेच समजून चालत नाही, हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बोरा लोकांवरून दिसले. पेरू आणि कोलंबियात मिळून त्यांची भाषा बोलणारे हजारभरच उरले आहेत. 'मांग्वारे' नावाच्या ओंडक्यांच्या जोडीवर ते निरोप ठोकतात आणि ते 20 किलोमीटरपर्यंत पोचतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ठोक्यांमधले अंतर मोजले गेले. अक्षरांच्या स्वरांमध्ये किती व्यंजने आहेत, स्वर लांब आहे की आखूड, यानुसार ठोक्यांमधला वेळ बदलत होता. म्हणजे अक्षरांची रचना सुरांतून गळाली तरी तालातून काही अंशी पोचत होती. लोकेलेंच्या ढोलाचे वर्णन करताना सुरांवर जेवढे लक्ष गेले तेवढे तालावर गेले नाही, आणि आता मागे जाऊन मोजायला त्या काळचे वादक उरलेले नाहीत.

शीळ ऐकताना मेंदू काय करतो याचा अभ्यास तुर्कस्तानातल्या कुशकॉय गावात झाला. या गावाच्या नावाचा अर्थच 'पक्ष्यांचे गाव' असा आहे. बोललेली तुर्की ऐकताना मेंदूचा डावा अर्धगोल पुढे असतो. शिळेतली तुर्की ऐकताना दोन्ही अर्धगोलांचा वाटा जवळजवळ समसमान निघाला, असे 2015 मधल्या प्रयोगात आढळले. तेच वाक्य, तीच भाषा, पण सुराचे चढउतार ओळखण्याचे काम उजव्या बाजूलाही करावे लागते.

या पद्धती मागे पडल्या त्याचे मुख्य कारण टेलिफोन, रस्ते आणि गाव सोडून जाणारी तरुण माणसे. 1950 च्या दशकातच याकुसूच्या परिसरातली मुले ढोलभाषा शिकेनाशी झाली होती. तुर्कस्तानातली शीळभाषा 2017 मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपण्याच्या यादीत गेली. ला गोमेराने 1999 पासून सिल्बो शाळेत सक्तीचा विषय केला आणि 2009 मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. तिथली मुले शीळ घालायला आता दरीत नाही, वर्गात शिकतात.