सीडीवरील कौटुंबिक छायाचित्रांचे स्थलांतर (कोल्हापूर)

सीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह आणि जुन्या हार्ड डिस्क निकामी होण्यापूर्वी त्यांवरील घरगुती छायाचित्रे नव्या साधनावर उतरवून घेण्याची प्रक्रिया. कोल्हापूरच्या घरांतून अल्बमबरोबर मिळालेल्या लग्न-बारशांच्या सीडी अजून कपाटात सापडतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या सीडीत माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या पातळ थरात असते. त्यावर धातूचा परावर्तक थर व त्यावर केवळ लाखेचा लेप असतो. त्यामुळे सीडीची नाजूक बाजू चकचकीत नसून नाव लिहिण्याची आहे. खालचा ओरखडा पॉलिशने बहुधा निघतो, परंतु वरून धातू सोलला गेल्यास तेथील माहिती कायमची जाते. चिकटवलेला कागदी लेबल ओढून काढू नये तो याचसाठी.

अशा सीडीच्या आयुष्याविषयी एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत, उत्पादकांच्या चाचण्यांच्या आधारे, योग्य साठवणीत १०० ते २०० वर्षे असा अंदाज नोंदवला आहे. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने रंगद्रव्यानुसार भेद केला असून सायनाइन प्रकाराला २० ते ५० वर्षे, तर थॅलोसायनिन व चांदीच्या थराच्या प्रकाराला ५० ते १०० वर्षे दिली आहेत. हे आकडे वाढीव उष्णता व आर्द्रतेतील चाचण्यांवरून बांधलेले आहेत. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलेल्या स्वस्त सीडीला दुसऱ्या अंदाजाची खालची मर्यादा लावणे अधिक सयुक्तिक वाटते. सीडीच्या रंगावरून रंगद्रव्य ओळखण्याची पद्धत आहे, पण परावर्तक थरामुळे ती फसवी ठरते.

सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बिघाड पुष्कळदा बाहेरच्या कडेपासून सुरू होतो. फायलींची यादी साधारणतः आतल्या भागात असते. म्हणून यादी व्यवस्थित दिसते, अक्षता-सप्तपदीचे फोटो उघडतात आणि पाठवणीच्या फोटोंपाशी ड्राइव्ह घरघरत अडकतो. स्टुडिओने एकाच सीडीवर दोन-तीनदा भर घातली असल्यास नवी यादी बाहेरच्या बाजूला पडते. ती वाचली न गेल्यास पहिल्याच खेपेचे फोटो दिसतात व बाकीचे नव्हतेच असा समज होतो.

अडणारी सीडी एकेक फाइल ओढून न उतरवता तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे सगळ्या माहितीची एकाच फाइलमधील जशीच्या तशी नक्कल, घ्यावी. लिनक्सवर त्यासाठी `ddrescue` वापरतात:

```
ddrescue -n -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
ddrescue -d -r3 -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

पहिली आज्ञा सहज वाचता येणारा भाग उचलते, दुसरी उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करते. न वाचलेल्या जागा `lagna.map` मध्ये नोंदल्या जातात. त्यामुळे तीच सीडी दुसऱ्या संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घालून, याच दोन फायलींसह दुसरी आज्ञा पुन्हा देता येते. एका ड्राइव्हला न जमलेली जागा दुसरा वाचतो, हा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय.

उदाहरणादाखल, ७०० एमबीच्या सीडीवर २,०४८ बाइटचे सुमारे ३,६०,००० खंड असतात. दोन ड्राइव्हनंतर लागोपाठचे ८ खंड उरले, तर नुकसान १६ केबीचे. २ एमबीचा फोटो सुमारे १,००० सलग खंड व्यापतो, त्यामुळे बहुधा एकच फोटो बिघडतो. त्याचा वरचा भाग शाबूत राहून पुढे राखाडी पट्टा किंवा भलतेच रंग दिसतात. मात्र फोल्डरमध्ये दिसणाऱ्या लघुचित्रावर विसंबू नये. ते पुष्कळदा फाइलच्या सुरुवातीलाच साठवलेले असते, त्यामुळे फोटो फाटलेला असूनही ते निर्दोष दिसते. प्रत्येक फोटो पूर्ण आकारात उघडूनच पाहावा.

पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या प्रसंगी भिजलेली सीडी चिखल वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावी आणि मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी, गोल फिरवून नव्हे. गोल ओरखडा एकाच मार्गावरची लांब माहिती घेऊन जातो. भिजलेली हार्ड डिस्क मात्र चालू करून पाहू नये, ती थेट माहिती काढणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्यावी.

पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते व वर्षानुवर्षे न जोडल्यास तो भार झिरपतो. ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आल्यास नकार देऊन वरीलप्रमाणेच प्रतिमा घ्यावी, फक्त `/dev/sr0` च्या जागी त्या ड्राइव्हचे नाव व `lagna` च्या जागी दुसरे नाव घालावे आणि `-b2048` वगळावे.